पाळीच्या तारखा आणि दोन ‘च’

"ताई, माझी पाळी सुरू होऊन एक वर्ष झालं. कधी २५ दिवसांनी येते, कधी दीड महिना येतच नाही. मैत्रिणींची दर महिन्याला येते. आई म्हणते, काहीतरी बिघडलंय. माझ्यात काही खराबी आहे का?"

शाळांमध्ये मुलींशी बोलायला जाते तेव्हा बुटाचं एक रिकामं खोकं बरोबर असतं. नाव न घालता प्रश्न लिहायचा आणि त्यात टाकायचा. अक्षर बदलतं, गाव बदलतं, पण वरच्यासारखी चिठ्ठी त्या खोक्यातून निघाली नाही असं एकदाही झालेलं नाही. आया हाच प्रश्न फोनवर विचारतात, फक्त शेवटी "पुढे लग्नाच्या वेळी काही अडचण नको" एवढी पुस्ती जोडतात.

उत्तर सरळ देते. नाही, खराबी नाही. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं दोन पाळ्यांमधलं अंतर २१ ते ४५ दिवसांत कुठेही असू शकतं, आणि एकाच मुलीचं अंतर एकदा २४, एकदा ४२ असं बदलूही शकतं. कारण साधं आहे. मेंदूतून येणारे इशारे, त्यावर बीजकोशांनी बीज पिकवणं, मग गर्भाशयाच्या आतलं अस्तर तयार होणं आणि गळणं, हे सगळं एका तालात यायला वेळ लागतो. सुरुवातीच्या कित्येक महिन्यांत बीज बाहेर पडतच नाही. ते पडलं तर त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते. पडलं नाही तर अस्तराला गळण्याचा निरोप मिळत नाही, ते वाढत राहतं आणि मग केव्हातरी गळतं. म्हणून तारीख हुकते. तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेकींचं अंतर मोठ्या बायकांसारखं २१ ते ३५ दिवसांवर येतं.

त्यात मोजण्याची चूक असतेच. रक्त दिसलं तो पहिला दिवस, आणि तिथून पुढच्या वेळी रक्त दिसेल त्याच्या आदल्या दिवसापर्यंत मोजायचं. पुष्कळ मुली पाळी संपल्यापासून मोजतात, त्यामुळे पाच-सहा दिवस गायब होतात आणि "वीस दिवसांनीच आली" असं वाटतं. दुसऱ्या काही तारखेला धरून बसतात. एक तारखेला आली आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला पुन्हा आली, की "महिन्यात दोनदा" म्हणून घरात धावपळ. खरं तर ते २८ दिवसांचं अगदी ठीक चक्र असतं. कॅलेंडरचे महिने ३० आणि ३१ चे, त्याला शरीर काय करणार?

मी विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे त्रास देणारे हट्टी विचार तपासत, काम करणारी समुपदेशक आहे. सगळा पसारा बाजूला ठेवला तर माझी सवय एकच आहे, समोरच्याच्या वाक्यातला ‘च’ शोधायचा. ‘पाळी दर महिन्याला आलीच पाहिजे.’ हा ‘च’ काढला की अर्धी भीती तिथेच उतरते. वर्गात मी हे वाक्य फळ्यावर लिहिते आणि एखाद्या मुलीला ‘च’ पुसायला बोलावते. मुली हसतात, पण पुसणारीचे खांदे खरोखर सैल होतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

एका वर्षी सांगली जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावच्या शाळेत सातवी-आठवीच्या मुलींशी बोलणं झालं. वरची चिठ्ठी तिथलीच. तास संपल्यावर ती लिहिणारी मुलगी स्वतःहून थांबली. तिला आपण रेवती म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय १३, आठवीत. तिच्याकडे एक छोटी वही होती, तिच्यात तारखा अगदी नीट लिहिलेल्या. आम्ही दोघींनी बाकावर बसून अंतरं काढली: २६, ४१, २३, ३८. मी म्हटलं, "बघ, एकही २१ च्या आत नाही, एकही ४५ च्या पुढे नाही." तिचा चेहरा खुलला. माझं काम झालं असं समजून मी वही परत दिली.

देताना वहीच्या पानावर आणि तिच्या बोटांवर पांढरी भुकटी दिसली.

"पाटीची पेन्सिल?"

ती ओशाळली. "खाते मी. सोडवतच नाही."

"किती?"

"दिवसाला तीन-चार. पहिले नव्हते खात. वर्षभरात सुरू झालं."

पाटीची पेन्सिल, खडू, माती, कच्चे तांदूळ, बर्फ खावासा वाटणं हे पुष्कळदा अंगातलं लोह कमी झाल्याचं लक्षण असतं. आया त्याला खोड समजून हातावर मारतात. वर्षभरापूर्वी पाळी सुरू झाली आणि वर्षभरातच पेन्सिल सुरू झाली, हे जुळलं तेव्हा मी पुन्हा बसले. तारखांचं बोलणं झालं होतं. रक्त किती जातं हे मी विचारलंच नव्हतं, आणि तिनेही सांगितलं नव्हतं.

"पाळी किती दिवस राहते?"

"आठ-नऊ. कधी दहा."

"दिवसाला पॅड किती?"

"दोन."

कुणीही इथे थांबलं असतं. दिवसाला दोन पॅड म्हणजे कमीच. पण मुलीला किती पॅड लागतात आणि तिला किती मिळतात, या दोन वेगळ्या गोष्टी असतात. मी विचारलं, "दोन म्हणजे सकाळी एक, संध्याकाळी एक?"

"नाही. एकावर एक, दोन. आणि वर आईच्या जुन्या साडीचं कापड. शाळेतल्या संडासाला कडी नाही, म्हणून घरी गेल्यावरच बदलते."

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगते, कारण दोन पॅड एकावर एक लावणाऱ्या मुली खूप आहेत. वरच्या पॅडच्या पाठीला प्लास्टिकचा थर असतो, रक्त त्यातून खाली उतरत नाही. म्हणजे खालचं पॅड जवळपास कोरडंच राहतं आणि वरचं बाजूंनी गळतं. दुप्पट खर्च, दुप्पट उकाडा, मांड्यांना पुरळ, आणि डाग पडायचा तो पडतोच. त्यापेक्षा एकच, लांब पॅड घ्यावं आणि चार ते सहा तासांनी बदलावं. फार भिजलेलं नसलं तरी बदलावं, कारण ओल तशीच राहिली की वास येतो आणि कातडी सोलवटते.

कापड वाईट असतं असं मी कधीच सांगत नाही. स्वच्छ सुती कापड चांगलंच काम करतं. अट एवढीच की ते गार पाण्यात भिजवून साबणाने धुवावं आणि उन्हात वाळवावं. आपल्याकडे बिघडतं ते इथेच. लाजेपायी ते कापड दुसऱ्या कपड्याखाली, नाहीतर न्हाणीच्या कोपऱ्यात अंधारात वाळतं, अर्धं ओलंच पुन्हा वापरलं जातं, आणि मग खाज आणि पुरळ. पाळीचं रक्त साठवायला आत बसवायच्या कपबद्दल हल्ली मोठ्या मुली विचारतात. सिलिकॉनचा कप नीट बसला तर आठ-दहा तास चालतो, वर्षानुवर्षं टिकतो. पण हात धुवायला पाणी आणि आडोसा हवा, दर पाळीच्या आधी तो उकळायला हवा. सातवी-आठवीतल्या मुलीला जबरदस्तीने शिकवायची ती गोष्ट नाही. तिची तयारी असेल तेव्हा बघावं. राहिला धुण्याचा प्रश्न. बाहेरून साधं पाणी पुरतं. आत साबण किंवा सुगंधी पाणी घालायचं नाही, त्याने तिथलं नैसर्गिक संरक्षण बिघडतं.

रेवतीकडे परत येते. "रात्री काय करतेस?"

"आई गादीवर खताच्या पिशवीचं प्लास्टिक घालते. दोनदा उठावं लागतं."

"गाठी पडतात?"

तिने अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवलं. "जांभळाएवढ्या."

त्या क्षणी मला तिच्या वहीतल्या सुंदर अक्षराकडे बघवेना. वर्षभर ही मुलगी तारखा लिहीत होती, तारखांना घाबरत होती, आणि खरी काळजी करायची गोष्ट प्लास्टिकवर झोपून सोसत होती. ती सांगावी असं तिला वाटलंच नाही. कारण घरात कुणी ती गोष्ट कधी वेगळी मानलीच नव्हती.

तिच्या परवानगीने आईला बोलावलं. आई शेतमजुरी करणारी, चाळिशीच्या आतली, चेहरा पिवळट. दोन-तीन भेटी झाल्या. पहिली सगळी तारखांतच गेली. मी वही उघडून पुन्हा तेच मोजून दाखवलं. त्यांचा ‘आलीच पाहिजे’ तासाभरात उतरला. मग मी रक्ताचा विषय काढला तेव्हा त्या उलट मलाच धीर देऊ लागल्या.

"त्याचं काय एवढं मॅडम. बाईच्या जातीला ते सोसावंच लागतं. आमच्या घराण्यातच आहे ते. माझं असंच, माझ्या आईचंही असंच होतं."

हा दुसरा ‘च’. पहिल्यापेक्षा कितीतरी घट्ट. पहिला भीतीचा होता, तो आकडे दाखवले की सुटतो. हा सवयीचा. तो आकड्यांनी हलत नाही, कारण सोसणारीला त्यातच मोठेपणा वाटत असतो. मी ८० मिलिलिटरच्या वर गेलं तर जास्त म्हणतात असं सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "शहरातल्यांचं तसं असेल."

दुसऱ्या भेटीत मी समजावणं सोडून दिलं आणि नुसतं विचारत गेले.

"रेवतीला दुसरीकडून कुठून रक्त येतं का?"

"उन्हाळ्यात घोळणा फुटतो. कांदा हुंगायला देतो, थांबतं. पण वेळ लागतो, अर्धा तास तरी."

"तुमचा?"

"माझाही फुटायचा लहानपणी."

"तुमची दाढ वगैरे कधी काढली?"

त्या हसल्या. "काढली ना. टॉवेल भिजला होता. दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं डॉक्टरकडे. रेवतीच्या बाळंतपणात तर दोन बाटल्या रक्त चढवलं."

मग मी सहज म्हटलं, "आणि तुमच्या भावाचा घोळणा फुटतो का हो?"

"फुटायचा की. शाळेत असताना शर्ट भरायचा त्याचा. अजूनही दाढी करताना कापलं तर लवकर थांबत नाही."

बोलता बोलता त्या थांबल्या. मी काहीच बोलले नाही. खोलीतला पंखा तेवढा फिरत होता. रेवती आईकडे बघत होती. आईने पदर हातात घेतला, त्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "तो तर बाप्या माणूस आहे."

"हो."

"मग हे बाईच्या जातीचं नाही म्हणायचं."

मी त्यांना हे सांगितलं असतं तर त्यांनी पुन्हा मान डोलावली असती. ते वाक्य त्यांच्या तोंडून आलं म्हणून टिकलं. इतक्या वर्षांच्या कामात मी जी थोडी वाक्यं मनात जपून ठेवली आहेत, त्यात हे आहे. ‘घराण्यातच आहे’ हे त्या घराने तीन पिढ्या समाधानासाठी वापरलं होतं, आणि नेमकी तीच माहिती डॉक्टरांना सगळ्यात आधी हवी असते. तेव्हापासून मुलीला पाळीत फार रक्त जातं असं कळलं की मी तिच्या मामाची आणि आजोबांचीही चौकशी करते.

निदान करणं माझं काम नाही. कोणती गोष्ट डॉक्टरांपर्यंत पोचायला हवी हे ओळखणं आणि ती पोचवणं, एवढं माझं काम. एका कागदावर आम्ही तिघींनी मिळून लिहिलं: पाळी पहिल्यापासून आठ ते दहा दिवस, रात्री दोनदा उठावं लागतं, जांभळाएवढ्या गाठी, घोळणा अर्धा तास, आईची दाढ, आईचं बाळंतपण, मामा. आईची शेवटची अडचण अशी की "आतून तपासतील, कुमारी मुलगी आहे". ही भीती मुलींना दवाखान्यापासून सगळ्यात जास्त दूर ठेवते, म्हणून स्पष्ट सांगते. या वयातल्या मुलीची सुरुवात विचारपूस, नाडी, रक्ताची तपासणी आणि लागली तर पोटावरून सोनोग्राफी यांनी होते. आतून तपासायची गरज सहसा पडत नाही, आणि तपासताना आईने जवळ थांबावं असं मुलगी सांगू शकते.

हिमोग्लोबिन आलं ८.२. तिच्या वयाला १२ च्या वर हवं. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी ती घेत होती, पण त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं आणि ती लोह कमी पडू नये म्हणून असते. दर महिन्याला एवढं रक्त जाणाऱ्या मुलीची उतरलेली पातळी तिने भरून येत नाही.

डॉक्टरांनी समजावलं की या वयात जास्त रक्त जाण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण बीज न सुटणं हेच असतं, आणि ते काळाबरोबर सुधारतं. पण पहिल्या पाळीपासूनच खूप रक्त जाणाऱ्या मुलींमध्ये रक्त गोठण्याचा दोष तपासावा लागतो. रेवतीच्या गोठण्याच्या नेहमीच्या दोन्ही तपासण्या ठीक आल्या. कागदावर मामा नसता तर कदाचित तिथेच थांबणं झालं असतं. तो होता म्हणून डॉक्टरांनी मोठ्या रुग्णालयात रक्ततज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे एका खास प्रथिनाची तपासणी झाली, तीही दोन वेळा, कारण ताणात किंवा आजारपणात ते प्रथिन तात्पुरतं वाढतं आणि निकाल फसवा येतो. निदान निघालं व्हॉन विलेब्रँड आजार, सौम्य प्रकारचा. रक्त थांबवायला मदत करणारं हे प्रथिन काही घराण्यांत जन्मतःच कमी असतं, मुलांतही आणि मुलींतही. मुलींना दर महिन्याला पाळी येते म्हणून तो त्यांच्यात उघडा पडतो, एवढंच.

या आजाराचं नाव एरिक फॉन विलेब्रांड या फिनलंडच्या डॉक्टरांवरून आलं. त्यांनी १९२६ साली ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबाचं वर्णन केलं, तिथे घरातल्या बऱ्याच जणांना रक्त लवकर न थांबण्याचा त्रास होता. ज्या लहान मुलीपासून त्यांचा शोध सुरू झाला, ती पुढे तेराव्या वर्षी, आपल्या चौथ्या पाळीत, रक्तस्रावाने गेली. तिचा आजार फार तीव्र होता आणि तेव्हा उपाय नव्हते. हे मी रेवतीला सांगितलं नाही. वाचणाऱ्यांना सांगते, कारण ‘पाळीच तर आहे’ हे वाक्य उच्चारण्याआधी ती मुलगी आठवावी.

रेवतीचे उपचार अगदी साधे निघाले. पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणारी ट्रॅनेक्झॅमिक आम्लाची गोळी, रोज लोहाची गोळी, आणि एक गोष्ट बंद. कंबर दुखते म्हणून आई मेडिकलमधून एक दुखण्याची गोळी आणायची, ती डॉक्टरांनी थांबवली. इतर मुलींना पाळीच्या दुखण्यावर आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक आम्ल चालतं, उपयोगही होतो. पण ज्यांना रक्त गोठण्याचा त्रास आहे त्यांना या प्रकारच्या गोळ्या आणि ॲस्पिरिन टाळावी लागते. तिला पॅरासिटामॉल आणि गरम पाण्याची पिशवी सांगितली. लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही आणि हिमोग्लोबिन वर आलं तरी डॉक्टर सांगतील तोवर, साधारण आणखी तीन महिने, चालू ठेवायची, कारण रक्तातला आकडा आधी भरतो आणि साठा मागून. तीन महिन्यांनी तिचं हिमोग्लोबिन ११.४ झालं. पेन्सिल त्याच्या कितीतरी आधी सुटली. "वासच नको वाटतो आता," असं तिनेच सांगितलं.

रेवतीनंतर मी माझा शाळेतला तास बदलला. आता तारखांना मी दहा मिनिटं देते आणि रक्ताला वीस. बिटाचं लाल पाणी आणि खोकल्याच्या औषधाचं माप नेते. मापातलं ५ मिलिलिटर पाणी पॅडवर ओतलं की मुली "ई, किती!" म्हणतात. एवढंसं पाणी किती पसरतं, हे त्यांना डोळ्यांनी दिसतं. मग सांगते, की पूर्ण पाळीत साधारण अशी सहा ते आठ मापं जातात, पाच-सहा दिवसांत मिळून. म्हणजे डाग मोठा दिसला म्हणून घाबरायचं नाही. पण मिलिलिटर काही घरी मोजता येत नाहीत. घरी बघायच्या खुणा वेगळ्या. पॅड तासा-दोन तासांत चिंब होतं आणि असं लागोपाठ होत राहतं का, रात्री बदलायला उठावं लागतं का, गाठी दहा रुपयांच्या नाण्याहून मोठ्या आहेत का, पाळी सात दिवसांच्या पुढे जाते का, जिना चढताना धाप लागते का. यातलं एखादं दर पाळीत होत असेल तर डॉक्टरांकडे जायचं. तासाला एक पॅड भिजतंय आणि चक्कर येतेय असं असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी.

तारखांसाठी डॉक्टरांकडे जायची वेळ कधी येते, हे आया हमखास विचारतात. सुरू झालेली पाळी तीन महिने आलीच नाही तर एकदा झालं तरी जावं. २१ दिवसांच्या आत वारंवार येत असेल तर जावं. पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पहिली पाळी आली नसेल, किंवा तेराव्या वर्षापर्यंत छातीची वाढच सुरू झाली नसेल, तरी जावं. आणि एक प्रकार सहज निसटतो. पाळी आलेली नाही, पण दर महिन्याला चार-पाच दिवस ओटीपोट जबरदस्त दुखतं आणि मग थांबतं. अशा मुलीच्या बाबतीत कधी कधी पाळी आत सुरू झालेली असते आणि बाहेर यायची वाट जन्मतः बंद असते. छोट्या शस्त्रक्रियेने ती बहुधा मोकळी होते, पण जंताचं औषध देत वर्ष काढणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत.

दुखण्याचंही एक सांगते. पहिल्या काही पाळ्या न दुखता जातात आणि वर्षभरानंतर दुखू लागतं, तेव्हा मुली घाबरतात. पुष्कळदा त्याचा अर्थ बीज नियमित सुटू लागलं एवढाच असतो. गोळी आणि शेक घेऊनही दर महिन्याला शाळा बुडत असेल तर मात्र ते सोसायचं दुखणं नाही.

रेवतीच्या आईचा फोन दिवाळीनंतर आला. मला माहीत नव्हतं अशी गोष्ट त्यांनी तेव्हा सांगितली. त्यांना स्वतःला खूप जातं म्हणून एका दवाखान्यात "पिशवी काढून टाका" असं आधीच सांगितलेलं होतं, ऊसतोडणी संपली की करायचं ठरलेलं. पैशांची जुळवाजुळवही सुरू होती.

"ते थांबवलंय मॅडम. रेवतीच्या मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी तुमचं रक्त बघू. काही कापायचंच झालं तर हे आधी कळायला पाहिजे म्हणाल्या."

"कधी जाताय?"

"आत्ता तिथूनच बोलतेय. माझं घेतलं रक्त. आता आमचा भाऊ बसलाय बाही वर करून. सुईला भितोय, रेवती हात धरून उभी आहे त्याचा."